डॉक्टरांच्या भेटीचे ध्वनिमुद्रण: घरच्यांसाठी अचूक सारांश कसा लिहावा

आपल्या वडोदऱ्यात आई-वडील इथे आणि मुले पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात, अशी घरे पुष्कळ आहेत. डॉक्टरांकडे जाताना सोबत शेजारी, भाचा किंवा मंडळातले कोणी असते. डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणे फोनवर मुद्रित केले जाते आणि मग 'काय म्हणाले ते जरा लिहून पाठवा' अशी मागणी येते. अठरा मिनिटांचे बोलणे कोणी पुन्हा ऐकत नाही. घरचे सगळे त्या सारांशावरच चालतात, म्हणून त्यात औषधाचा एक शब्द चुकला तर ती चूक थेट रुग्णाच्या पोटात जाते.

हे काम कसे करावे ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण संधिवाताच्या औषधाचे घेतले आहे, कारण त्यात ऐकण्याच्या आणि लिहिण्याच्या बहुतेक खाचाखोचा एकत्र येतात.

उदाहरण

सहासष्ट वर्षांच्या एका काकूंना आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, असल्याचे निदान झाले. शुक्रवार, ६ मार्चला डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले. या रोगात हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. मात्रा साधारणपणे आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम असते. तीच गोळी चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, आणि प्रकरण जिवावर बेतू शकते. बरोबर फॉलिक ॲसिडची गोळी असते. ती मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करण्यासाठी दिली जाते.

मेथोट्रेक्सेटचे एक प्रचलित व्यापारी नाव फोलीट्रॅक्स आहे आणि फॉलिक ॲसिडचे फॉलविट. दोन्ही नावे 'फॉ'च्या उच्चाराने सुरू होतात आणि घाईत बोलली की सारखीच ऐकू येतात. 'फॉलची गोळी' एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला कोणती ते कळणार नाही. म्हणून सारांशात व्यापारी नाव आणि मूळ औषधाचे नाव दोन्ही लिहावे.

पहिल्यांदा नुसते ऐकावे

पहिल्या वेळी लेखणी हातात घेऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून सगळे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे. याचे कारण असे की डॉक्टर बोलता बोलता सूचना बदलतात. या भेटीत चौथ्या मिनिटाला डॉक्टर म्हणाले, "आ गोळी शनिवारे लेवानी, अठवाडियामां एक ज वार." दोन मिनिटांनी काकू म्हणाल्या, "शनिवारे तो मारे उपवास होय छे." त्यावर डॉक्टर म्हणाले, "तो पछी रविवारे राखो." ऐकता ऐकता लिहीत जाणाऱ्याच्या कागदावर शनिवार राहून गेला असता.

चिठ्ठी मात्र डॉक्टरांनी आधीच लिहिली होती, आणि तीवर शनिवारच होता. म्हणजे कागदावर शनिवार आणि ध्वनिमुद्रणात रविवार. शनिवार की रविवार याने औषधाला फारसा फरक पडत नाही. पण मुलगी कागद पाहून फोनवर शनिवारी गोळी घ्यायला लावेल आणि काकू आठवणीने रविवारीही घेतील, तर एका आठवड्यात दोन मात्रा पोटात जातील.

तसेच 'करू' आणि 'करा' यांत फरक करावा. डॉक्टर म्हणाले होते की पुढे गरज वाटली तर २० करू. हा त्यांचा विचार आहे, सूचना नव्हे. तो औषधांच्या यादीत आला तर कोणीतरी २० ची गोळी आणून ठेवील.

दुसऱ्यांदा ऐकताना टिपणे

आता प्रत्येक औषधासाठी सहा गोष्टी टिपाव्यात: नाव, ताकद, एका वेळी किती गोळ्या, केव्हा, कोणत्या तारखेपर्यंत आणि कशासाठी. शेजारी ध्वनिमुद्रणातले मिनिट लिहावे, म्हणजे शंका आल्यास तेवढाच भाग पुन्हा ऐकता येतो.

आपल्याकडचे डॉक्टर गुजराती, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलतात, आणि आकडे बहुधा इंग्रजीत सांगतात. पंख्याच्या आवाजात 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' वेगळे ओळखणे अवघड जाते. म्हणून आकडा अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहावा: १५ (पंधरा) मिलिग्रॅम. धनादेशावर आपण हेच करतो. तिथे अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी धरतात. औषधाच्या बाबतीत मात्र असा नियम नाही. फरक दिसला की दोन्ही बाजूला ठेवून दवाखान्यात विचारायचे.

'दोन आठवडे', 'परवा', 'पुढच्या वेळी' हे शब्द तसेच ठेवू नयेत. त्यांच्या तारखा कराव्यात. सूज उतरेपर्यंत डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिले होते: दोन आठवडे १० मिलिग्रॅम, मग दोन आठवडे ५, आणि मनाने बंद करायचे नाही. हे स्टेरॉइड आहे. काही आठवडे घेतल्यावर ते एकदम थांबवले तर त्रास होऊ शकतो, म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवतात. सुरुवात ७ मार्चला धरली तर पहिला टप्पा २० मार्चला संपतो आणि दुसरा २१ मार्च ते ३ एप्रिल असा येतो. पुढची भेट ३ एप्रिललाच आहे. तारखा लिहिल्या की गोळी कधी बदलायची हे हैदराबादहून मुलगाही सांगू शकतो.

तीन ठिकाणी पडताळणी

टिपणे झाल्यावर ती ध्वनिमुद्रण, चिठ्ठी आणि घरी आणलेले गोळ्यांचे पाकीट या तिन्हींशी पडताळावीत. काकूंच्या पाकिटात एक गोष्ट आढळली. चिठ्ठीवर फोलीट्रॅक्स १५, एक गोळी असे होते, पण दुकानदाराने ७.५ च्या गोळ्या दिल्या होत्या. 'रविवारी एक गोळी' असे लिहिले असते तर मात्रा निम्मी झाली असती. त्याचप्रमाणे डॉक्टर "बीपीनी गोळी चालू राखो" म्हणाले तेव्हा नाव उच्चारले गेले नव्हते. ते पाकिटावरून घेतले आणि सारांशात तसे नमूद केले.

जे बोललेच गेले नाही ते आपल्या माहितीने भरू नये. रविवारी गोळी विसरली तर काय करायचे, हा विषय भेटीत निघाला नव्हता. दुखल्यास पॅरासिटामॉल ६५० घ्या असे सांगितले होते, पण दिवसात जास्तीत जास्त किती हे सांगितले नव्हते. अशा जागा रिकाम्या ठेवून प्रश्नांची यादी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात एकच फोन केला. प्रश्न चार होते: शनिवार की रविवार, ७.५ च्या दोन गोळ्या चालतील का, विसरल्यास काय, आणि पॅरासिटामॉल किती. उत्तर देणाऱ्याने डॉक्टरांना विचारून सांगितले, आणि कोणी, कधी सांगितले तेही टिपले गेले.

पाठवलेला सारांश

*भेट: शुक्रवार, ६ मार्च. निदान: आमवात. सांध्यांना सूज आहे. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील.*

*नवीन औषधे*

*१. फोलीट्रॅक्स (मेथोट्रेक्सेट), संधिवातासाठी. आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी, रात्री जेवणानंतर. एकूण १५ (पंधरा) मिलिग्रॅम, म्हणजे ७.५ च्या २ (दोन) गोळ्या. रोज घ्यायची नाही. पहिली मात्रा ८ मार्च. चिठ्ठीवर शनिवार आहे, तो बदलून रविवार केला आहे. दवाखान्यात खात्री केली. रविवारी विसरल्यास मनाने घेऊ नये, दवाखान्यात फोन करावा.*

*२. फॉलविट (फॉलिक ॲसिड) ५ (पाच) मिलिग्रॅम, वरच्या औषधाचा त्रास कमी होण्यासाठी. आठवड्यातून एकदा, बुधवारी १ गोळी.*

*३. प्रेडनिसोलोन, सुजेसाठी. रोज सकाळी नाश्त्यानंतर. ७ ते २० मार्च: १० (दहा) मिलिग्रॅम. २१ मार्च ते ३ एप्रिल: ५ (पाच) मिलिग्रॅम. मध्येच बंद करायचे नाही.*

*४. पॅरासिटामॉल ६५०, फक्त दुखल्यास. दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर, दिवसात ३ (तीन) पेक्षा जास्त नाही.*

*चालू ठेवायचे: ॲम्लोडिपिन ५, रोज सकाळी (नाव पाकिटावरून).*

*बंद करायचे: दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी.*

*तपासण्या: रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन, २० मार्च आणि १ एप्रिल. पुढची भेट ३ एप्रिल, अहवाल घेऊन.*

*लगेच फोन करायचा: ताप, तोंडात फोड, दम लागणे, कोरडा खोकला, अंगावर काळेनिळे डाग. अशा वेळी मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.*

यात 'बंद करायचे' हा स्वतंत्र भाग आहे, तो वगळू नये. नवीन औषधे सगळे लिहितात, पण थांबवलेली गोळी डब्यात तशीच राहते आणि दुखले की पुन्हा घेतली जाते.

पाठवण्यापूर्वी आणि नंतर

सारांश आधी रुग्णाला वाचून दाखवावा आणि 'रविवारी काय घ्यायचे?', 'बुधवारी काय?' असे विचारावे. नुसते 'समजले का?' विचारले तर उत्तर नेहमी 'हो' येते. काकूंनी बुधवारच्या प्रश्नावर दोन्ही पाकिटे पुढे केली. तेव्हा मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर जाड अक्षरात 'फक्त रविवार' लिहिले आणि ते रोजच्या डब्यातून वेगळे काढले.

भेटीत रुग्ण डॉक्टरांशी खासगी गोष्टीही बोलतो. औषधांशी संबंध नसलेले काय कळवायचे आणि कोणाला, हे रुग्णालाच विचारावे. घरच्या सगळ्यांच्या गटात मूळ ध्वनिमुद्रण टाकू नये. ते पुढच्या भेटीपर्यंत आपल्या किंवा रुग्णाच्या फोनमध्ये असावे, म्हणजे खुलासा लागला तर ऐकता येते.

सारांशाच्या माथ्यावर 'हा ३ एप्रिलपर्यंतच लागू' असे लिहावे. त्या दिवशी मात्रा बदलू शकते, आणि फोनमध्ये जुना संदेश वर आला तर तोच कोणी खरा धरील. नवा सारांश पाठवताना पहिली ओळ 'आधीचा ६ मार्चचा रद्द' अशी असावी, आणि भिंतीवर किंवा फ्रिजवर लावलेला जुना कागद त्याच दिवशी काढून टाकावा.