'सेल' कुठे गेला?

17 मे 1792 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर चोवीस दलालांनी एका छोट्याशा करारावर सह्या केल्या. तिथल्या बटनवुडच्या झाडाखाली हे लोक जमत, म्हणून कराराला झाडाचंच नाव चिकटलं. करारात गोष्टी दोनच होत्या: पाव टक्क्याहून कमी दलाली कुणी घ्यायची नाही, आणि व्यवहार करताना आपल्यातल्यांना आधी विचारायचं. (मुंबईचे पहिले शेअरदलालही टाउन हॉलसमोरच्या वडाखाली उभे राहत. शेअरबाजार आणि झाडं यांचं नातं जुनं आहे.)

आज कुठल्याही ब्रोकरेज हाउसचे अहवाल पुढ्यात घेतले, तर 'बाय' ढिगाने दिसतात, 'होल्ड' बरेच असतात आणि 'सेल' मात्र जवळजवळ औषधालाही नसतो. बाजारातल्या निम्म्या शेअरांचा परतावा मध्यकाहून कमी असणार, हे तर साधं गणित आहे. मग विकायचा सल्ला इतका दुर्मिळ का? या प्रश्नाचा धागा उलटा धरत गेलं, की तो त्या बटनवुडच्या झाडापाशी पोचतो, असा या लेखाचा दावा आहे.

नेहमीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1909 मध्ये जॉन मूडी यांनी अमेरिकी रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरांची प्रतवारी दिली. पुढे शेअरांवर सल्ला विकणाऱ्या सेवा निघाल्या. 1933 मध्ये आल्फ्रेड काउल्स यांनी अशा सोळा सेवांच्या सुमारे साडेसात हजार शिफारशी तपासल्या. त्या पाळणाऱ्याला बाजारापेक्षा वर्षाला सुमारे दीड टक्का कमीच मिळालं असतं, असं त्यांना दिसलं.

खरी गोष्ट इथून सुरू होते. बटनवुडखाली ठरलेलं दलालीचं तत्त्व न्यूयॉर्कच्या बाजारात तब्बल 183 वर्षं टिकलं. दर बदलत गेले, पण दलाली ठरावीकच राहिली आणि ती कमी करून गिऱ्हाईक ओढायला बंदी होती. 1960 च्या दशकात म्युच्युअल फंड आणि पेन्शन फंड मोठ्या ऑर्डरी देऊ लागले, तेव्हा दलालांच्या हाती अफाट पैसा यायला लागला. शंभर शेअर घेण्याला आणि लाख शेअर घेण्याला कष्ट साधारण सारखेच, पण दलाली मात्र शेअरमागे मोजली जायची. दर पाडता येत नाही, मग गिऱ्हाइकाला द्यायचं काय? उत्तर होतं संशोधन. 1959 मध्ये सुरू झालेल्या डोनाल्डसन, लफ्किन अँड जेनरेट या संस्थेने कंपन्यांचा सखोल अभ्यास करून तो फंडांना द्यायचा आणि मोबदल्यात त्यांच्या ऑर्डरी मिळवायच्या, हा धंदा नावारूपाला आणला. म्हणजे अहवाल दिसायला फुकट, पण त्याची किंमत दलालीतून वसूल होत होती आणि ती भरणारा होता शेअर घेणारा.

1 मे 1975 रोजी अमेरिकी नियामकाने ठरावीक दलाली बंद केली. मोठ्या गिऱ्हाइकांचे दर झपाट्याने कोसळले आणि विश्लेषकांचे पगार कशातून द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला. हळूहळू तो भार त्याच इमारतीतल्या दुसऱ्या विभागाने उचलला. कंपन्यांचे इश्यू बाजारात आणणं, विलीनीकरणं जुळवणं हे या विभागाचं काम. आता पैसे देणारा बदलला. आधी तो शेअर घेणारा होता, आता शेअर काढणारी कंपनी झाली. जिच्या पुढच्या इश्यूचं काम मिळवायचं, तिच्यावर 'सेल' कोण लिहिणार?

या मांडणीला तीन तगडे प्रतिस्पर्धी आहेत. पहिला म्हणतो, कारण दलालीच्याच गणितात आहे: 'बाय' सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता येतो, 'सेल' फक्त ज्यांच्याकडे तो शेअर आहे त्यांनाच. दुसरा म्हणतो, कंपनीचे अधिकारी रागावले तर विश्लेषकाला माहिती मिळणं थांबतं. यात तथ्य आहे. मार्विन रॉफमन या विश्लेषकाने 1990 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ताजमहाल कॅसिनोच्या भवितव्याबद्दल उघड शंका घेतली. ट्रम्प यांनी दाव्याची धमकी दिली आणि रॉफमन यांची नोकरी गेली. कॅसिनो पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेला. तिसरा प्रतिस्पर्धी सर्वांत चतुर आहे. मॅकनिकल्स आणि ओब्रायन या अभ्यासकांनी 1997 मध्ये दाखवलं, की विश्लेषकांना ज्या कंपनीबद्दल वाईट वाटतं, तिच्यावर ते 'सेल' लिहीत बसत नाहीत. तिच्यावर लिहिणंच सोडून देतात. म्हणजे 'सेल' अहवालात दिसत नाही, पण अहवालांच्या बंद पडण्यात तो असतो. एखाद्या शेअरवर पूर्वी आठ हाउसेस लिहीत होती आणि आता तीनच लिहितात, ही गोष्ट म्हणूनच नोंद घेण्यासारखी.

तरीही मुख्य कारण पैशाचा उगम हेच, यासाठी एक पुरावा फार बोलका आहे. मूडीजमधली नोकरी गमावलेल्या आर्नल्ड बर्नहार्ड यांनी 1931 मध्ये व्हॅल्यू लाइन ही सेवा सुरू केली. ती ना शेअर विकायची, ना इश्यू आणायची. ती जगली वर्गणीवर. 1965 पासून तिने सुमारे सतराशे शेअरांना एक ते पाच असे क्रमांक दिले. शंभर शेअर पहिल्या क्रमांकात आणि बरोबर शंभरच पाचव्या क्रमांकात. वाचकाच्या पैशावर चालणाऱ्या सेवेत सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट यांची संख्या सारखी ठेवणं जमलं, त्याच देशात, त्याच शेअरांवर आणि त्याच काळात.

दुसरा पुरावा आकड्यांचा आहे. बार्बर, लेहावी, मॅकनिकल्स आणि ट्रूमन यांच्या अभ्यासानुसार 2000 च्या मध्यावर अमेरिकेतल्या 74 टक्के शिफारशी 'बाय' होत्या आणि 'सेल' फक्त 2 टक्के. 2002 मध्ये नियम आला, की प्रत्येक हाउसने आपल्या अहवालात 'बाय', 'होल्ड', 'सेल' किती टक्के आणि त्यांतल्या किती कंपन्यांकडून इश्यूचं काम मिळालं, हे छापायचं. 2003 च्या मध्यावर 'बाय' 42 टक्क्यांवर उतरले आणि 'सेल' 17 टक्क्यांवर चढले. मधल्या काळात बाजारही पडला होता, हा आक्षेप योग्यच आहे. पण पडत्या बाजारामुळे मत बदलतं तेव्हा ते शेअरागणिक बदलतं. इथे अनेक हाउसेसनी नियम येताच पाच पायऱ्यांची जुनी पद्धत मोडून तीन पायऱ्यांची नवी आणली आणि सगळ्या शेअरांची एकदम फेरमांडणी केली. या मांडणीचा एक कच्चा दुवा मात्र लपवू नये. अमेरिकेत नंतर संशोधन आणि इश्यू आणणारा विभाग यांच्यामध्ये कायद्याने भिंत उभी राहिली, तरी 'सेल' कधी 'बाय'च्या बरोबरीला आला नाही. तेव्हा उरलेली जागा त्या तीन प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत वाटून घ्यावी.

या कुळकथेचा व्यवहारात उपयोग काय? दुर्मिळ गोष्टीत माहिती जास्त असते. केंट वोमॅक यांनी 1996 मध्ये मोजलं, की नवा 'बाय' आल्यावर शेअर पुढच्या महिनाभरात सुमारे अडीच टक्के वर सरकतो, पण नव्या 'सेल'नंतर सहा महिन्यांत सुमारे नऊ टक्के घसरण होते. म्हणून नुसती पायरी न बघता पायरी बदलली का, हे बघावं. वर्षानुवर्षं 'बाय' असलेला शेअर 'होल्ड'वर आला, तर त्यात बातमी आहे.

टार्गेटचं वागणं आणखी मजेदार. डिसेंबर 1998 मध्ये हेन्री ब्लॉजेट या तरुण विश्लेषकाने ॲमेझॉनचं वर्षभराचं टार्गेट 400 डॉलर दिलं. शेअर तेव्हा 240 च्या आसपास होता. मेरिल लिंचचे जोनाथन कोहेन म्हणत होते, याची लायकी 50 डॉलरची. तीन-चार आठवड्यांतच 400 चा आकडा ओलांडला गेला आणि पुढे मेरिलने कोहेन यांच्या जागी ब्लॉजेटना आणलं. नंतरच्या दोन विभाजनांत एका शेअरचे सहा झाले, त्यामुळे कोहेन यांचे 50 म्हणजे नवे 8 डॉलर 33 सेंट. 2001 च्या शरद ऋतूत शेअर सहा डॉलरच्या आसपास आला. म्हणजे दोन्ही आकडे गाठले गेले, फक्त वेगवेगळ्या वेळी. 'टार्गेट गाठलं' या वाक्याला तारखेशिवाय अर्थ नाही, तो असा.

ब्रॅडशॉ, ब्राउन आणि ह्वांग यांनी 2000 ते 2009 ची अमेरिकी टार्गेट्स तपासली, तेव्हा हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली. वर्षात कधी ना कधी 64 टक्के टार्गेट्स गाठली गेली, पण वर्षअखेरीला शेअर टार्गेटवर किंवा त्याहून वर होता तो फक्त 38 टक्के वेळा. व्हॅल्यू लाइन एकच आकडा न देता तीन ते पाच वर्षांनंतरचा पट्टा छापत असे, खालचा आकडा आणि वरचा आकडा. ती रीत जास्त प्रामाणिक होती.

टार्गेट उघडून बघणं अवघड नाही. बहुतेकदा ते दोन आकड्यांचा गुणाकार असतं: पुढच्या वर्षीची शेअरमागची अंदाजित कमाई आणि तिला दिलेला पट, म्हणजे पीई. समजा, शेअर 900 रुपयांना आहे, कमाई 40 रुपये धरली आणि पट 25, तर टार्गेट 1,000. सहा महिन्यांत शेअर 1,100 वर गेला आणि नवा अहवाल आला: कमाई 41, पट 30, टार्गेट 1,230. वाढ 230 रुपयांची, पण कमाईच्या अंदाजातून आली ती जेमतेम 25 रुपये. बाकीचे 205 रुपये पट वाढवल्यामुळे आले. कंपनी फारशी बदलली नाही. बाजार जास्त पैसे द्यायला तयार झाला आणि विश्लेषकाने ते मान्य केलं. या कंपनीला गेल्या दहा वर्षांत सरासरी 22 चा पट मिळाला असेल, तर त्याच कमाईवर आकडा 902 येतो, म्हणजे शेअर जिथून निघाला जवळपास तिथेच. अहवालात पट वाढवण्याचं कारण शोधावं. नवा कारखाना, फिटलेलं कर्ज, वाढलेला नफ्याचा दर असं काही असेल, तर ते तपासता येतं. 'क्षेत्राचं पुनर्मूल्यांकन' एवढंच लिहिलं असेल, तर तो 205 चा हिस्सा बाजूला ठेवून वाचावं.

भारतात सेबीने 2014 मध्ये संशोधन विश्लेषकांसाठी नियम केले. शिफारशीच्या शब्दांची व्याख्या आणि मुदत अहवालात द्यावी लागते, कारण एका हाउसच्या 'बाय'ला वर्षात 10 टक्के वाढ पुरते, तर दुसऱ्याला 15 लागते. कंपनीकडून गेल्या बारा महिन्यांत मर्चंट बँकिंगचं मानधन मिळालं असेल, तर तेही सांगावं लागतं. आणि एका शेअरवर वर्षभर शिफारस चालू असेल, तर त्याच्या रोजच्या बंद भावाचा आलेखही द्यावा लागतो. हे सगळं शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असतं. बरीच हाउसेस त्या आलेखावर किंवा सोबतच्या तक्त्यात आपली जुनी टार्गेट्स तारखांसह मांडतात. तिथे भाव आधी वर गेला आणि टार्गेट दर वेळी महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्यामागे वाढवलं असं दिसलं, तर नवा आकडाही बहुधा भावाच्या मागूनच आलेला असतो. भाव पडत असताना टार्गेट कायम राहिलं, कमाईचा अंदाज खरा ठरला आणि भाव नंतर तिकडे वळला, असं एखाद्या विश्लेषकाच्या तक्त्यात दोन-तीनदा दिसलं, तर त्याचा पुढचा अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घ्यावा.