मालवणहून डायबेटीस असलेल्या नातेवाइकांसाठी काय न्यायचं? खाजा, आंबापोळी आणि ‘नो ॲडेड शुगर’चा हिशोब

गणपती आटोपून किंवा आंगणेवाडीची जत्रा करून चाकरमानी मुंबईला निघतो, तेव्हा पिशवीत काय असतं ते ठरलेलं आहे. अर्धा किलो खाजा, आंबापोळीचं पाकीट, अमृत कोकमची बाटली आणि काजू. पण ज्यांच्या घरी ही भेट जायची आहे त्या काकांना डायबेटीस असेल तर? मग बहुतेक जण गुळाचं किंवा ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेलं काहीतरी शोधतात. नेमकी तिथेच गडबड होते.

गूळ म्हणजे साखर नाही का?

मालवणी खाजा करताना बेसनाच्या कांड्या तळून त्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात. साखर नाही, गूळ आहे, म्हणून तो चालेल असं घरोघरी ऐकायला मिळतं.

गुळात लोह आणि इतर खनिजं थोडी असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. ती पचून रक्तात ग्लुकोज म्हणूनच येते आणि रक्तातली साखर वाढवते. काकवी आणि मधाचंही तसंच आहे. त्यामुळे साखरेचा लाडू काढून गुळाचा ठेवला, तर बॉक्समध्ये फरक पडतो, काकांच्या ग्लुकोमीटरवर फारसा नाही.

‘नो ॲडेड शुगर’ आंबापोळीत साखर किती?

हा दावा खरा असू शकतो. बनवणाऱ्याने वरून साखर घातलेली नसते. पण आंब्यातली साखर कुठे जाणार?

हिशोब करून बघू. पिकलेल्या हापूसच्या १०० ग्रॅम रसात साधारण १५ ग्रॅम साखर धरू. एक किलो रसात ती १५० ग्रॅम झाली. हा रस ताटात पसरून उन्हात वाळवला की पाणी उडून जातं आणि समजा २०० ग्रॅम पोळी उरते. साखर मात्र उडत नाही. म्हणजे २०० ग्रॅम पोळीत १५० ग्रॅम साखर. त्यातला ५० ग्रॅमचा तुकडा खाल्ला तर ३७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात-आठ चमचे साखर पोटात गेली. फणसपोळी, खजूर-अंजीर रोल यांनाही हाच नियम लागू होतो.

‘शुगर फ्री’ हा वेगळा दावा आहे. एफएसएसएआयच्या २०१८च्या नियमांनुसार तो करायचा असेल तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पण हा नियम फक्त साखरेपुरता आहे. मैदा आणि तांदळाचं पीठ या मोजमापात येत नाही, आणि पचल्यावर त्यांचंही ग्लुकोजच होतं. शिवाय अशा मिठाईत माल्टिटॉलसारखे गोडवा देणारे पदार्थ असतात. ते जास्त खाल्ले तर पोट फुगतं, जुलाबही होतात.

म्हणून पाकिटाच्या दर्शनी बाजूपेक्षा मागचा तक्ता वाचा. आधी ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ, मग साखरेची. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे, तेही बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत गूळ, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं, तर ते पाकीट काकांसाठी नाही.

एकाच कोकमाच्या तीन बाटल्या

दुकानात कोकम तीन रूपांत मिळतं आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. पारंपरिक पद्धतीत कोकमाच्या सालींच्या साधारण दुप्पट साखर घालतात. एका ग्लासाला ३० मिली सिरप घेतलं तरी जवळपास २० ग्रॅम साखर होते.

आगळात साखर नसते. पण ते टिकतं मिठावर. त्यामुळे डायबेटीससोबत ब्लड प्रेशर असेल तर आगळाची बाटली सोयीची नाही. अनेकांना हे दोन्ही आजार एकत्रच असतात, म्हणून नेण्याआधी विचारा.

तिसरी म्हणजे सोलं. तीही मिठाची आणि बिनमिठाची अशी दोन्ही मिळतात, दुकानदाराला विचारून बिनमिठाची घ्या. पाण्यात भिजवून, नारळाचं दूध, लसूण आणि मिरची घालून सोलकढी होते. साखर लागत नाही आणि मीठ किती घालायचं ते घरच्यांच्या हातात राहतं.

मग बॉक्समध्ये काय भरायचं?

समजा काका परळला राहतात, त्यांना डायबेटीस आणि ब्लड प्रेशर आहे, किडनी ठीक आहे. त्यांच्यासाठी बॉक्स असा भरता येईल.

पहिली वस्तू काजू. खारवलेले किंवा मसाला काजू नकोत. नुसते भाजलेले, सालीसकट असले तर उत्तम. ३० ग्रॅम काजूत आठ-नऊ ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि साधारण १७० कॅलरी असतात. म्हणजे साखर झपकन वाढत नाही, पण मूठभरावर थांबावं लागतं. म्हणून अर्ध्या किलोचं एक पाकीट नेण्याऐवजी ३० ग्रॅमच्या पुड्या बांधा. डब्ल्यू-२४० दर्जाचे काजू पौंडाला २४० पर्यंत बसतात, त्या हिशोबाने एका पुडीत सोळाएक येतात.

दुसरी वस्तू कुळथाचं पीठ. माणशी दोन-तीन चमचे पिठाची पिठी होते. कडधान्य असल्याने त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर असतात आणि रक्तातली साखर भाताच्या मानाने हळू वाढते. पण पिठीबरोबर भात नेहमीइतकाच वाढून घेतला तर हा फायदा जातो.

तिसरी बिनमिठाची सोलं. चौथी मालवणी मसाला, त्यावरच्या घटकांत मीठ नाही ना ते बघून. पाचवी सुकी मासळी, पण खारा बांगडा नको. सुका जवळा बहुतेकदा मीठ न लावताच वाळवतात, तो विचारून घ्या. हवं तर थोडी तिरफळं टाका. बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की भेट मालवणहून आली हे सांगावं लागणार नाही.

बचत गटांच्या किंवा घरगुती पाकिटांवर तक्ता नसेल तर तीन गोष्टी विचारा: गोडाला काय घातलंय, मीठ किती आहे आणि पिठात मैदा किंवा तांदूळ मिसळलाय का?

हा बॉक्स कोणाला चालणार नाही?

किडनीचा आजार असेल तर ही यादी बाजूला ठेवा. काजू आणि कुळीथ यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस असतं, आणि अशा रुग्णांना डॉक्टर त्यावर मर्यादा घालतात. आधी घरच्यांना फोन करून काय बंद आहे ते विचारा. काजूची ॲलर्जी असेल तर काजू वेगळ्या पुडीत देऊनही भागत नाही, कारण सुट्या दुकानात तोच चमचा आणि तीच बरणी सगळ्याला वापरली जाते. ग्लुटेन चालत नसेल तर कुळथाचं पीठ ज्या गिरणीत दळलं तिथे त्याआधी गहू दळला होता का, ते विचारा.

आणि खाजा द्यायचाच असेल तर? डायबेटीस असलेल्या माणसाला गोड कायमचं बंदच असतं असं नाही, प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं असतं. अर्धा किलोचं पाकीट घरातल्या इतरांच्या नावाने द्या आणि काकांच्या बॉक्समध्ये दोन-तीन कांड्यांची पुडी ठेवा. त्या जेवणाच्या हिशोबात धरायच्या, तेवढा भात कमी घ्यायचा, हे मात्र पुडी देतानाच सांगा.