चिठ्ठी, घड्याळ आणि कालचं गिऱ्हाईक

1905 साली शिकागोच्या सीअर्स, रोबक कंपनीने आयोवा राज्यातल्या आपल्या चांगल्या गिऱ्हाइकांना पत्रं धाडली. विनंती साधी होती. आम्ही तुम्हाला चोवीस कॅटलॉग पाठवतो, ते शेजारीपाजारी नि नात्यागोत्यात वाटा, आणि कोणाकोणाला दिले ती नावं कळवा. त्या लोकांनी माल मागवला की त्या मागणीच्या हिशेबाने वाटणाऱ्याला बक्षीस मिळे: लोखंडी चूल, सायकल, शिवणयंत्र. ही युक्ती आयोवात इतकी चालली की कंपनीने ती दुसऱ्या राज्यांतही नेली. आज मोबाइलवर ‘मित्राला सांगा, दोघांनाही शंभर रुपये सूट’ असं येतं त्याचं मूळ अशा पत्रांत सापडतं.

मात्र या कुळात एक दुसरी, जास्त हुशार शाखाही आहे. टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन दुकानदारांनी पुढे पार्सलमध्येच एक चिठ्ठी टाकायला सुरुवात केली. मालाच्या जोडीला एक कोरा ऑर्डर फॉर्म आणि एखादी सवलत. धंद्याच्या भाषेत तिला ‘बाउन्स-बॅक’ म्हणत. हिला टपालखर्च वेगळा नाही, कारण पार्सल तर जाणारच असतं. पण तिची खरी ताकद खर्चात नव्हती, वेळेत होती. चिठ्ठी मालाच्या आधी पोचूच शकत नाही, आणि ज्याने विकत घेतलं नाही त्याच्या हाती ती पडत नाही. खोकं उघडून माल पाहणारा माणूस ज्या क्षणी सगळ्यात खूश असतो, नेमकी त्याच क्षणी ती समोर येते. कुणी काही न मोजता पार्सलच तिचं घड्याळ झालं होतं. आपल्याकडे 1877पासून व्हीपीपी आहे. तिथेही हाच न्याय. व्हीपी सोडवून घेतली तरच आतली चिठ्ठी दिसणार, आणि व्हीपी परत गेली तर चिठ्ठीही तिच्याबरोबर परत.

विकून झाल्यावर जाहिरात कशाला, असा प्रश्न विचारणाऱ्यांना 1957मध्ये एक उत्तर मिळालं. लिऑन फेस्टिंगरचं ‘निवड केल्यानंतरची मनाची ओढाताण’ सांगणारं पुस्तक त्याच वर्षीचं. त्याच साली मिनिआपोलिसमधल्या मोटारमालकांचा एक अभ्यास छापून आला. नुकती नवी गाडी घेतलेले लोक स्वतः घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती जास्त वाचत होते. गाडी दारात उभी असताना! आपण चुकलो नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. 1970 साली शेल्बी हंट यांनी रेफ्रिजरेटर घेतलेल्या गिऱ्हाइकांवर हे पुढे तपासलं. काहींना दुकानाकडून ‘छान निवड केलीत’ अशा अर्थाचं पत्र गेलं, काहींना तशाच मजकुराचा फोन. पत्र मिळालेल्यांची रुखरुख कमी झाली. फोन आलेल्यांची मात्र कमी झाली नाही, उलट वाढलेली दिसली. पैसे घेतल्यावर दुकानदार फोन करतो म्हणजे काहीतरी गडबड आहे, अशी शंका आपल्यालाही आली असतीच. विकल्यानंतर बोलावं, पण कसं आणि केव्हा बोलावं यावर सगळं अवलंबून आहे, हे तेव्हाच कागदावर आलं होतं.

आता ‘कुणाला दाखवू नये’ या बाजूची कुळकथा. टपालवाले दुकानदार नवं गिऱ्हाईक शोधायला दुसऱ्यांच्या याद्या भाड्याने घेत. त्या यादीत आपली जुनी गिऱ्हाइकंही असायचीच. त्यांना ‘नव्या गिऱ्हाइकांसाठी खास सवलत’ गेली की पूर्ण किंमत दिलेला माणूस चिडायचा. म्हणून संगणक आल्यावर भाड्याची यादी घरच्या यादीशी ताडून पाहायची आणि जुळलेली नावं छपाईआधीच काढून टाकायची पद्धत रुळली. तिचं नाव ‘मर्ज-पर्ज’. आज जाहिरातीच्या पडद्यावर ‘वगळा’ म्हणून जी चौकट असते, ती हीच.

मग इंटरनेट आलं आणि घड्याळ हरवलं. 1994 साली नेटस्केपमध्ये कुकी आली. तिच्या जोरावर पुढे दुकानात डोकावून गेलेल्याच्या मागे जाहिरात धावू लागली. गूगलने 2010च्या मार्चमध्ये ही सोय सर्वांना खुली केली. ‘हा माणूस बूट पाहून गेला’ हे कुकीला कळे, ‘त्याने बूट घेतले’ हे तिला कुणीतरी सांगावं लागे. बूट पायात घालून बसलेल्या माणसालाही आठवडाभर तेच बूट दिसत. यावर उपाय म्हणून ‘धन्यवाद’च्या पानावर एक अदृश्य ठिपका बसवू लागले. तो उघडला की माणूस पाठलागाच्या यादीतून बाद. त्याला ‘बर्न पिक्सेल’ म्हणत. 2012 साली फेसबुकने दुकानदाराला स्वतःच्या गिऱ्हाइकांचे ईमेल आणि फोन नंबर चढवून त्यांनाच जाहिरात दाखवायची किंवा त्यांनाच वगळायची मुभा दिली, तेव्हा मर्ज-पर्ज आणि पार्सलमधली चिठ्ठी एकाच पडद्यावर आली. फक्त चिठ्ठी केव्हा द्यायची हे आता पार्सल ठरवणार नव्हतं, माणसाने ठरवायचं होतं.

ते कसं ठरतं हे मी सांगलीकडच्या एका ओळखीच्या ताईंच्या धंद्यात जवळून पाहिलं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, दोन लिटरचा पारदर्शक कॅन, ऑर्डर त्यांच्या वेबसाइटवर. त्यांची तक्रार होती की पहिल्या ऑर्डरवरच्या सवलतीच्या जाहिरातीखाली लोक लिहितात, “अहो, कालच घेतलंय मी, मग मला शंभर रुपये जास्त का?” अशी एक जरी कॉमेंट दिसली तर वगळण्याची चौकट गळते आहे असं समजावं. एकाने तर पहिली ऑर्डर रद्द करून बायकोच्या नंबरवरून सवलतीत पुन्हा मागवली होती.

आम्ही वही काढली. दोनदा तेल मागवलेल्या सगळ्यांची नावं उतरवली आणि पहिला कॅन पोचल्यापासून दुसरी ऑर्डर येईपर्यंतचे दिवस मोजून चढत्या क्रमाने मांडले. मधला आकडा 32 आला. सरासरी मुद्दाम काढली नाही. लग्नघरातून चौथ्या दिवशी आलेली आणि सहा महिन्यांनी उगवलेली अशा दोन ऑर्डरी सरासरीला कुठेही नेऊन ठेवतात. तेल 32 दिवसांनी संपतं तर आठवण एक आठवडा आधी, म्हणजे 25व्या दिवशी सुरू व्हावी आणि 45व्या दिवशी थांबावी. कुरिअरचे साधारण चार दिवस. म्हणजे ऑर्डरपासून मोजलं तर 29 ते 49.

जाहिरातीच्या पडद्यावर असं ‘इथपासून तिथपर्यंत’ थेट लिहिता येत नाही. म्हणून दोन याद्या करायच्या. एक, गेल्या 49 दिवसांत खरेदी केलेल्यांची, ती घ्यायची. दुसरी, गेल्या 29 दिवसांत खरेदी केलेल्यांची, ती वगळायची. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ कापलं की हवी ती खिडकी उरते. यातली गंमत अशी की एखादीने 33व्या दिवशी दुसरा कॅन मागवला की ती आपोआप ‘गेल्या 29 दिवसांत’च्या यादीत जाते आणि जाहिरात तिच्यापुरती बंद होते. वेगळा बर्न पिक्सेल लागत नाही.

शंभर रुपयांच्या पहिल्या सवलतीची जाहिरात मात्र कुठल्याच जुन्या गिऱ्हाइकाला दिसू नये. मेटाच्या वेबसाइट-यादीची स्मरणशक्ती तेव्हा 180 दिवसांची होती. त्यापलीकडचा माणूस तिला पुन्हा नवाच वाटे. आयफोनवर 2021पासून परवानगीशिवाय माग काढता येत नाही, त्यामुळे काही खरेदी नोंदवल्याच जात नाहीत. म्हणून वहीतली सगळी यादी हाताने चढवली. पहिल्या खेपेला जुळणी फारच थोडी झाली. कारण क्षुल्लक निघालं: नंबरांच्या आधी 91 लावलेला नव्हता.

खरी मेख कॅश ऑन डिलिव्हरीत होती. ऑर्डरचं बटण दाबताच वेबसाइट Purchase अशी नोंद करते, पण पैसे यायचे असतात आणि माल कधी परतही येतो. कुरिअरवाले त्याला आरटीओ म्हणतात. गाडीच्या परवान्याचं नव्हे, ‘रिटर्न टू ओरिजिन’. ज्या बाईंनी कॅन घेतलाच नाही त्यांना “तेल कसं वाटलं?” असं विचारणारी जाहिरात जात होती. मग दर सोमवारी कुरिअरच्या यादीतून ‘पोचलं’ एवढेच नंबर वेगळे काढायचे, परत आलेले आणि तक्रार चालू असलेले नंबर वगळण्याच्या यादीत टाकायचे, असं ठरलं. चढवलेली यादी आपण होऊन ताजी होत नाही. सोमवार चुकला की घड्याळ तिथेच थांबतं.

अभिप्राय मागायची वेळ आम्ही पोचल्यापासून 7 ते 14 दिवस ठेवली. तोवर दोन-तीनदा फोडणी झालेली असते, वास आणि फेस कळलेला असतो. साडीला दुसरा दिवस पुरेल, गादीला महिना द्यावा लागेल. अॅमेझॉननेही विक्रेत्यांसाठी अभिप्राय मागण्याचं बटण दिलं तेव्हा ते माल पोचल्यावर 5 ते 30 दिवसच चालू ठेवलं.

इथे ताईंनी एक सरळ वाटणारी सूचना केली: “आधी विचारू, खूश आहात का. हो म्हणतील त्यांनाच गूगलवर लिहायला सांगू.” हे करता येत नाही. निवडून चांगलेच अभिप्राय मागण्याला गूगलची मनाई आहे. चांगलं लिहाल तर बक्षीस, यावर अमेरिकेत 2024पासून नियमच आहे, आणि आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने 2022मध्ये आणलेलं ऑनलाइन अभिप्रायांचं आयएस 19000 हे मानक ऐच्छिक असलं तरी त्याचा रोख तोच आहे. माल पोचला त्या सगळ्यांना विचारायचं. खूश असलेल्यांना निवडायचंच असेल तर ते ‘मैत्रिणीला सांगा’साठी निवडावं, कारण तिथे कुणाचं मत लपवलं जात नाही. आमची अट साधी होती: दुसरा कॅन मागवला तो खूश. सीअर्सनेही आयोवात पत्रं जुन्या, चांगल्या गिऱ्हाइकांनाच लिहिली होती.

तीन महिन्यांनी हिशेब केला. खिडकीतल्या दर दहा जणांपैकी एकाला आम्ही मुद्दाम जाहिरात दाखवली नव्हती, कारण तेल आवडलेला माणूस जाहिरातीशिवायही मागवतोच आणि जाहिरातीचा तक्ता त्याचं श्रेय बिनदिक्कत स्वतःकडे घेतो. न दाखवलेल्यांतले लोक जवळजवळ तितकेच परत आले होते. माणसं थोडी असल्याने यावरून पक्कं काही म्हणता येत नाही, हे खरं. पण खिडकीत एका वेळी तीनशेच्या आसपास माणसं, आणि रोजचे दोनशे रुपये त्यांच्यावरच खर्च होत असल्याने एकेकाला आठवड्यात आठ-नऊ वेळा तोच कॅन दिसत होता. एका बाईंनी लिहिलं, “ताई, आहे अजून तेल घरात.”

दुसऱ्या ऑर्डरची जाहिरात ताईंनी बंद केली. वगळण्याची यादी दर सोमवारी चढते, अभिप्रायाची विनंती व्हॉट्सअॅपवर एकदाच जाते. आणि कॅनवर, खालून चार बोटं उंचीवर, आता एक आडवी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर फोन नंबर आणि एवढंच: “तेल इथवर आलं की कळवा.”