वकिलाचा न्याय कोणी करावा?

'वकील' म्हणजे न्यायालयात अशिलाची बाजू मांडणारा कायदेपंडित, असे आज सर्वजण समजतात. पेशवाईत या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेविलेला प्रतिनिधी, तो वकील. पुण्याचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी राहून तेथील हालहवाल नाना फडणिसांस कळवीत. परराष्ट्राच्या कचेरीस आजही 'वकिलात' म्हणतात, ते याच अर्थाने. नवल एवढेच की, हा दुसरा वकील ज्या देशात राहतो तेथील न्यायालयात त्याला सहसा खेचता येत नाही. असे का असावे, आणि त्याच्या हातून आगळीक घडल्यास दाद कोठे मागावी, हा प्रश्न जुना आहे.

या प्रश्नाने इ. स. १७०८ मध्ये लंडन शहरात मोठी खळबळ उडविली. रशियाच्या झारचा राजदूत मात्वेयेव्ह हा परत जाण्याच्या तयारीत असता, त्याच्याकडे पैसे येणे असलेल्या सावकारांनी त्यास भर रस्त्यात गाडीतून ओढून अटकेत घातले. कर्ज खरे होते. परंतु राजदूताला कर्जापायी कोंडता येते असे एकदा ठरले, की कोणत्याही राजास एखादा सावकार पुढे करून नकोशा वकिलाचे तोंड बंद करता येईल. झार पीटर संतापला. राणी ॲनच्या सरकारास क्षमा मागावी लागली, आणि अशा अटकेस मनाई करणारा कायदा पार्लमेंटने केला. तेव्हा ही सवलत राजदूताच्या थोरवीसाठी नसून त्याच्या कामासाठी आहे. यजमान सरकारच्या हाती बेडी असेल, तर वकील धन्याचे गाऱ्हाणे निर्भयपणे मांडू शकणार नाही.

ही सवलत परस्परांची असावी लागते. परस्परता सुटली म्हणजे काय होते, हे निजामाच्या राज्याने पाहिले. नांदेड व लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत त्या राज्यात होता. हैदराबादेस इंग्रजांचा रेसिडेंट राहत असे. नावाला तो प्रतिनिधी. परंतु त्याच्या कोठीभोवतालच्या रेसिडेन्सी बाजारांवरही त्याचाच अंमल चाले, आणि तो भाग निजामाकडे परत गेला तो १९३३ मध्ये. एकट्या वकिलाचे संरक्षण वाढत वाढत राज्यातील दुसरे राज्य झाले होते. उलट, २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारात हिंदुस्थान सरकार व निजाम यांनी एकमेकांकडे प्रतिनिधी पाठविण्याचे ठरविले. हैदराबादेस कन्हैयालाल मुनशी आले, आणि निजामाचा प्रतिनिधी दिल्लीस गेला. तेथे निदान तत्त्व तरी बरोबरीचे होते.

बरोबरीच्या याच तत्त्वावर १९६१ चा व्हिएन्ना करार उभा आहे. राजदूत व त्याचे राजनैतिक सहकारी यांना अटक होऊ शकत नाही, आणि फौजदारी खटल्यापासून त्यांना पूर्ण संरक्षण मिळते. वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यांसाठी १९६३ चा करार वेगळा आहे. त्यांचे संरक्षण सरकारी कामापुरतेच असते. गंभीर गुन्ह्यात न्यायाधीशाच्या हुकुमाने त्यांना अटकही करता येते. हा भेद कागदावर बारीक दिसतो, परंतु एका मराठी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सारे काही त्यावरच फिरले.

मूळच्या महाराष्ट्रातील देवयानी खोब्रागडे या २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथे भारताच्या उपमहावाणिज्यदूत होत्या. त्या वर्षी १२ डिसेंबरला त्यांना अटक झाली. घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात जे वेतन दाखविले, त्याहून फार कमी देण्याचा करार प्रत्यक्षात केला, असा अमेरिकन सरकारचा आरोप होता. खोब्रागडे यांनी तो नाकारला. अटकेनंतर त्यांची अंगझडती घेण्यात आल्याने भारतात तीव्र संताप उसळला, आणि दिल्लीतील अमेरिकन वकिलातीसमोरचे रस्त्यावरील अडथळे भारत सरकारने हटविले.

अमेरिकेचे म्हणणे असे की, मोलकरणीचा पगार हे वाणिज्य दूतावासाचे काम नव्हे. म्हणून मर्यादित संरक्षण येथे लागू नाही. भारताने तेव्हा त्यांची बदली संयुक्त राष्ट्रसंघातील आपल्या प्रतिनिधिमंडळात केली. ८ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेने ही नेमणूक मान्य केली, आणि त्यांना पूर्ण संरक्षण मिळाले. ते भारताने सोडावे अशी विनंती अमेरिकेने केली. भारताने नकार दिला. ९ जानेवारीस ज्यूरीने दोषारोप ठेविला, आणि त्या भारताकडे निघाल्या. भारतानेही एका अमेरिकन अधिकाऱ्यास देश सोडावयास सांगितले. १२ मार्चला न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी तो दोषारोप रद्द केला. कारण तो ठेवण्याच्या दिवशी पूर्ण संरक्षण चालू होते. खोब्रागडे अमेरिकेबाहेर गेल्याने ते संरक्षण संपले होते; म्हणून दोनच दिवसांनी सरकारने नवा दोषारोप दाखल केला. यावरून दिसते की, संरक्षण म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. ते सरकारी कामाबाहेरच्या कृत्यांवरील खटल्यास केवळ थोपवून धरते.

मग स्वदेशाने काय करावे? संरक्षण सोडण्याचा अधिकार त्याचाच आहे. ते संरक्षण देशाचे असल्याने अधिकाऱ्यास स्वतःहून सोडता येत नाही. जॉर्जियाने १९९७ मध्ये हे पाऊल उचलले. वॉशिंग्टन येथे जॉर्जियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या मोटारीने झालेल्या अपघातात एक सोळा वर्षांची मुलगी दगावली. जॉर्जियाने त्याचे संरक्षण काढून घेतले. त्याने गुन्हा कबूल केला, आणि अमेरिकन न्यायालयाने त्यास शिक्षा दिली. याहून सौम्य मार्ग म्हणजे त्यास परत बोलाविणे व खात्यामार्फत चौकशी करणे. यजमान देशही कारण न सांगता त्याला नकोसा ठरवू शकतो.

शेवटचा मार्ग स्वदेशातील खटल्याचा. व्हिएन्ना करार स्पष्ट सांगतो की, परदेशी न्यायालयापासून मिळालेले संरक्षण स्वदेशाच्या न्यायालयास लागू नाही. भारतीय कायद्यानेही परदेशात गुन्हा करणाऱ्या नागरिकावर येथे खटला चालू शकतो. मात्र त्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. अडचण पुढे येते. ते कृत्य भारतीय कायद्यातही गुन्हा असावे लागते, आणि न्यूयॉर्कच्या किमान वेतनाचा नियम भारतात लागू नाही. साक्षीदार व कागदपत्रे तिकडे, न्यायालय इकडे. शिवाय परवानगी देणारे सरकार तेच, ज्याने अधिकाऱ्याची पाठराखण केलेली असते.

इस्लामाबादच्या भारतीय वकिलातीतील एका अधिकाऱ्यास सरकारी गुपिते फोडल्याच्या आरोपावरून २०१० मध्ये अटक झाली, आणि २०१८ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. ते गाऱ्हाणे राष्ट्राचे होते, म्हणून खटला घरी उभा राहिला. मोलकरणीचे गाऱ्हाणे एका व्यक्तीचे. ते दोन सरकारांच्या मानापमानात मागे पडले. वकिलाला संरक्षण हवे, यात वाद नाही. त्यावाचून दरबार चालणार नाहीत. पण दुसऱ्याच्या न्यायालयाचा दरवाजा बंद करणाऱ्याने आपल्या न्यायालयाचा दरवाजा उघडा ठेवणे, हे त्या सवलतीचे मोल आहे.