बीटा आणि भांडवली मालमत्ता मूल्यनिर्धारण प्रतिमान

एखाद्या समभागाकडून किती परताव्याची अपेक्षा ठेवावी, हे त्याच्या बाजाराशी निगडित जोखमीवरून ठरवणारे वित्तशास्त्रातील प्रतिमान. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘कॅपएम’ म्हणून ओळखले जाते. हॅरी मार्कोविट्झ यांच्या १९५२ मधील गुंतवणूक-संचाच्या सिद्धान्तावर ते उभे आहे. विल्यम शार्प (१९६४), जॉन लिंटनर (१९६५) आणि यान मोसिन (१९६६) यांनी ते स्वतंत्रपणे मांडले. जॅक ट्रेनर यांचे टिपण त्याआधीचे, पण तेव्हा ते प्रसिद्धच झाले नाही. शार्प आणि मार्कोविट्झ यांना १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल मर्टन मिलर यांच्यासह मिळाले.

प्रतिमानाचे सूत्र असे :

E(R) = Rf + β × (E(Rm) − Rf)

Rf म्हणजे जोखीममुक्त दर. भारतात त्यासाठी बहुधा सरकारी रोख्याचा किंवा ट्रेझरी बिलाचा दर धरतात. कंसातील वजाबाकी म्हणजे बाजाराची जोखीम पत्करल्याबद्दल मिळणारा जादा परतावा. बाजार एक टक्का हलला की समभाग सरासरीने किती टक्के हलतो, ते बीटा सांगतो. बाजाराचा स्वतःचा बीटा १ असतो.

या सूत्राचा खरा दावा नवख्याला सहज पटत नाही. समभागाचा भाव किती वरखाली होतो, याला प्रतिमान मोबदला देत नाही. त्यातील किती हालचाल बाजाराबरोबर होते, एवढ्यालाच देते. दोन काल्पनिक समभाग घेऊ. बाजाराच्या परताव्याचे वार्षिक प्रमाण विचलन १५ टक्के आहे. ‘अ’ समभागाचे ३० टक्के आणि बाजाराशी सहसंबंध ०.६, ‘ब’चे विचलन ४० टक्के, पण सहसंबंध ०.३. सहसंबंधाला दोन विचलनांच्या गुणोत्तराने गुणले की बीटा मिळतो : ‘अ’चा ०.६ × ३०/१५, म्हणजे १.२, आणि ‘ब’चा ०.३ × ४०/१५, म्हणजे ०.८. जोखीममुक्त दर ७ टक्के आणि बाजाराचा जादा परतावा ६ टक्के धरला, तर ‘अ’कडून १४.२ टक्के अपेक्षित, ‘ब’कडून फक्त ११.८. जास्त हेलकावे ‘ब’ खातो, तरी मोबदला त्याला कमी. कारण त्याचे बरेचसे हेलकावे कंपनीपुरते असतात : कारखान्यातला संप, हातचे गेलेले कंत्राट. असे धक्के अनेक समभाग एकत्र बाळगले की एकमेकांत जिरतात. जी जोखीम जवळजवळ फुकटात टाळता येते, तिच्यासाठी कोणी जादा पैसे मोजत नाही.

मोजणी मात्र सूत्राइतकी सरळ नाही. प्रघात असा, की साठ महिन्यांचे परतावे घेऊन निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सशी त्यांचे रिग्रेशन करायचे. रेषेचा चढ म्हणजे बीटा. वरील आकडे साठ महिन्यांवरून काढले असतील, तर ‘अ’च्या बीटाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.२१ आणि ‘ब’ची ०.३३ येते. म्हणजे ‘अ’चा खरा बीटा साधारण ०.८ ते १.६ यांमध्ये कुठेही असू शकतो आणि ‘ब’चा ०.१ ते १.५ यांमध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांवर चांगलेच पसरतात. तेव्हा अहवालातला दोन दशांशांपर्यंतचा बीटा पाहून हुरळून जाऊ नये; त्याची प्रमाण त्रुटी विचारावी. मार्शल ब्लूम यांना आढळले की टोकाचे बीटा पुढच्या काळात १ कडे सरकतात. म्हणून अनेक विश्लेषक मोजलेल्या बीटाचे दोन-तृतीयांश आणि १ चा एक-तृतीयांश मिळवतात. ‘अ’चा बीटा मग १.१३ होतो.

दुसरी फसगत कमी उलाढालीच्या समभागांत होते. बाजार आज पडतो, पण या समभागाचा सौदाच दोन दिवसांनी होतो. रोजच्या परताव्यांत त्यांचा मेळ बसत नाही आणि बीटा खोटाच कमी दिसतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तोच बीटा आठवड्याच्या आणि महिन्याच्या परताव्यांवरून काढून पाहणे. कालावधी वाढवला की तो चढत गेला, तर दोष मोजणीत आहे.

प्रत्यक्ष पुराव्याने प्रतिमानाला अर्धीच साथ दिली. फिशर ब्लॅक, मायकेल जेन्सन आणि मायरन शोल्स यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या आकड्यांवरून दाखवले की बीटा वाढला की परतावा वाढतो, पण सूत्र सांगते तितका नाही. ब्लॅक यांनी त्याचे एक कारण मांडले : सगळ्यांना जोखीममुक्त दराने हवे तितके कर्ज मिळते, हे गृहीतक खरे नाही. कर्ज काढता न येणारा धाडसी गुंतवणूकदार जास्त बीटाचे समभागच उचलतो. त्यांचे भाव चढतात आणि पुढचा परतावा घटतो. १९७७ मध्ये रिचर्ड रोल यांनी त्याहून मूलभूत आक्षेप घेतला. सूत्रातील ‘बाजार’ म्हणजे घरे, जमिनी, सोने, माणसांची कमावण्याची क्षमता असे सर्व धन. ते मोजताच येत नाही. त्यामुळे निफ्टीसारख्या निर्देशांकावर घेतलेली कसोटी फसली, तर चूक प्रतिमानाची की निर्देशांकाची, हे त्या कसोटीवरून सांगता येत नाही.