विवरणपत्रांतील तफावतीच्या नोटिशीचे उत्तर
वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांत तफावत दिसल्यास अधिकारी कलम 61 नुसार `ASMT-10` ही नोटीस काढतो. तिचे उत्तर पोर्टलवर `ASMT-11` मध्ये, साधारणपणे 30 दिवसांत द्यायचे असते. ही करमागणी नव्हे, विचारणा असते. पण मुदतीत समाधानकारक खुलासा न आल्यास पुढे कारणे दाखवा नोटीस येऊ शकते.

समजा, पनवेलमधल्या एका हार्डवेअर दुकानाने मार्चचे 1,00,000 रुपयांचे बिल `GSTR-1` मध्ये दाखवले, पण `GSTR-3B` मध्ये ते राहून गेले. त्यावरचा 18 टक्के कर, म्हणजे 18,000 रुपये, एप्रिलच्या विवरणपत्रातून 20 मे रोजी भरला गेला. उत्तरात फरक मान्य करून बिल क्रमांक, दोन्ही महिन्यांचा ताळमेळ आणि एप्रिलच्या `GSTR-3B` ची प्रत द्यावी. कर भरला तरी उशीर उरतोच. मुदत 20 एप्रिलची असल्याने 30 दिवसांचे, वार्षिक 18 टक्के दराने सुमारे 266 रुपये व्याज `DRC-03` ने भरून त्याची पावतीही जोडावी. ‘टायपिंगची चूक’ एवढेच मोघम लिहिलेले उत्तर सहसा टिकत नाही. खुलासा पटल्यास अधिकारी `ASMT-12` देऊन प्रकरण बंद करतो.