टक्कल आजोळाहूनच येते काय? एका समजुतीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका मुलासाठी इंदुरातच स्थळ पाहणे चालले होते. पत्रिका जुळली होती, आणि दोन्ही घरे तीन पिढ्यांपासून येथे स्थायिक झालेली, परस्परांना ओळखणारी. बैठकीस मुलीचे वडील आणि थोरला भाऊ आले. वडिलांच्या माथ्यावर केस नव्हते आणि भावाचेही, जेमतेम तिशीत, कपाळ मागे सरकत चालले होते. मंडळी निघून गेल्यावर मुलाच्या आत्या, आमच्या आक्का, म्हणाल्या, "मुलगी लाखात एक आहे, पण टक्कल आजोळाहून येते हो. उद्या नातवंडे त्याच वळणावर जायची." यावर कोणी काही बोलले नाही. मुलाचे वडील, माझे आतेभाऊ, समोरच बसले होते. त्यांचे डोके चाळिशीतच मोकळे झालेले. परंतु त्यांच्याकडे कोणाचीही नजर वळली नाही, कारण बापाचे टक्कल या हिशेबात धरावयाचेच नसते.

माझी नोकरी महसूल खात्यातली. नामांतरणाच्या प्रकरणांत वंशावळी तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे वारसाहक्काचा कोणताही दावा पुराव्यावाचून मानण्याची सवय राहिली नाही. हा दावा कोठून आला, याचा शोध घेता घेता जे हाती लागले ते येथे मांडतो.

टकलाविषयी प्राचीन काळापासून नोंदलेले एक निरीक्षण आजही खरे आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटीस याच्या नावावरील वैद्यकसूत्रांत म्हटले आहे की, खच्ची केलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाही. ॲरिस्टॉटलनेही हेच नोंदविले. म्हणजे पौरुषाशी टकलाचा काही संबंध आहे, एवढे त्या लोकांस ठाऊक होते. आनुवंशिकतेचा शास्त्रीय विचार मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी, मेंडेलचे नियम पुन्हा प्रकाशात आल्यानंतरच सुरू झाला.

१९१६ साली डोरोथी ऑस्बर्न या अमेरिकन अभ्यासिकेने बावीस कुटुंबांच्या वंशावळी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. तिचा निष्कर्ष असा की, टकलाचे कारण एकच आनुवंशिक घटक असून पुरुषांत तो एकाच पालकाकडून आला तरी पुरतो, स्त्रीमध्ये मात्र तो दोन्ही पालकांकडून यावा लागतो. म्हणजे तिच्या मते टक्कल बापाकडूनही मुलास मिळू शकत होते. पाठ्यपुस्तकांनी हा नियम पुढे कित्येक दशके जसाच्या तसा उतरून घेतला. आज तो अपुरा ठरला आहे, कारण घटक एक नसून शेकडो आहेत. परंतु 'केवळ आईकडून' असे तिने कोठेही म्हटलेले नव्हते.

मग ही समजूत आली कोठून? माझ्या मते तिच्या मुळाशी दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. १९१० साली टॉमस हंट मॉर्गन याने फळमाशीच्या डोळ्यांच्या रंगावरून दाखवून दिले की, काही गुण एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतात. पुरुषास हे गुणसूत्र एकच असते आणि ते त्याला आईकडूनच मिळते, बापाकडून मिळते ते वाय. रंगांधळेपणा आणि रक्त न गोठण्याचा विकार हे या प्रकारातले. व्हिक्टोरिया राणीच्या लेकींमार्फत तो विकार युरोपातील राजघराण्यांत कसा पसरला, ही कथा सर्वश्रुत आहे. लेक निरोगी दिसते आणि नातवात दोष उमटतो, असा तो मार्ग. आता टकलाकडे पाहा. आजोबांस टक्कल, लेकीच्या डोक्यावर भरघोस केस, आणि नातू पुन्हा टकला. बाहेरून चित्र हुबेहूब तेच दिसते. परंतु येथे लेकीचे केस टिकतात त्याचे मुख्य कारण तिच्या शरीरात पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण अल्प असते, हे आहे. गुण कोठे प्रकट होतो ही एक बाब, आणि तो कोणत्या गुणसूत्रावर बसला आहे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा निवाडा करता येत नाही.

संप्रेरकाचा हा भाग १९४२ साली जेम्स हॅमिल्टन याने पक्का केला. वृषण काढलेल्या किंवा पौगंडावस्था पूर्ण न झालेल्या १०४ पुरुषांचा त्याने अभ्यास केला. त्यांच्यात टक्कल नव्हते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तेव्हा नुकतेच कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले होते. ते दिल्यावर यांपैकी काहींचे केस मागे हटू लागले, आणि ते प्रामुख्याने ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे. औषध थांबविले की केस जाणे थांबे, मात्र गेलेले परत येत नसत. म्हणजे संप्रेरक हवे, वारसाही हवा, आणि काळही जावा लागतो. या तिघांपैकी एक नसेल तर माथा शाबूत राहतो.

समजुतीस खरे बळ मिळाले ते अलीकडे, आणि तेही विज्ञानाकडूनच. केसांच्या मुळाशी हे संप्रेरक ज्याच्यावर जाऊन बसते, त्या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियातील एलिस व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, या जनुकाचे एक विशिष्ट रूप तरुणपणीच टक्कल पडलेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांत आहे. २००५ साली जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी याच जनुकाला तरुण वयातील टकलाचा प्रमुख निर्णायक घटक ठरविले, आणि वृत्तपत्रांनी 'टक्कल आईमुळे' असे मथळे दिले. मथळ्यांत एक आकडा मात्र आला नाही. एलिस यांच्याच अभ्यासात, टक्कल न पडलेल्या वडीलधाऱ्या पुरुषांपैकीही सुमारे ७७ टक्क्यांत जनुकाचे तेच रूप होते. म्हणजे ते जवळजवळ आवश्यक खरे, पण पुरेसे मुळीच नाही. जे बहुतेकांजवळ असते, त्यावरून कोणाचे केस जातील आणि कोणाचे राहतील, हे सांगता येत नाही.

बापाच्या बाजूचा पुरावा तर त्याच वर्षी पुढे आला होता. इंग्लंडमधील शेफील्ड येथे बर्च व मेसेंजर यांनी अकाली टक्कल पडलेल्या ५४ तरुणांच्या वडिलांचे माथे पाहिले, तेव्हा ८१.५ टक्के वडिलांना डोळ्यांत भरण्याजोगे टक्कल होते. सारा वारसा एक्सवरच असता, तर बापलेकांचे इतके साम्य असण्याचे कारण नव्हते. २००८ साली दोन स्वतंत्र चमूंना विसाव्या गुणसूत्रावर टकलाशी संबंधित असा एक प्रदेश सापडला. विसावे गुणसूत्र आई आणि बाप दोघांकडून एकेक येते. २०१७ साली एडिनबरोच्या संशोधकांनी ब्रिटनमधील ५२ हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी केली. तीत टकलाशी निगडित अशी २८७ स्थाने आढळली आणि त्यांतील ४० एक्सवर होती. पुरुषापुरुषांतील फरकाचा सुमारे ४७ टक्के भाग इतर सर्व गुणसूत्रांवरील सामान्य जनुकभेदांनी उलगडतो, आणि एक्सने पाच टक्क्यांहूनही कमी, असा त्यांचा हिशेब आहे. एकेकट्या जनुकांत एक्सवरील ते ग्राहकाचे जनुक सर्वांत वजनदार आहे, हे खरेच. पण बाकीच्यांची बेरीज त्याच्या कितीतरी पुढे जाते.

आता आक्कांचा दावा याच कसोटीवर घासून पाहू. मुलीचे वडील टकले. त्यांचे एकमेव एक्स गुणसूत्र मुलीस अखंड मिळाले, म्हणजे त्यावरील ते जनुक तिच्यापाशी बहुधा असणार. भावाची गोष्ट मात्र निराळी. भावाला वडिलांकडून एक्स मिळालेलेच नाही, त्याला वाय मिळाले. त्याचे एक्स आले आईकडून, म्हणजे आईच्या माहेरून. तेव्हा बाप व लेक दोघेही टकले, हा जो पुरावा आक्कांनी मांडला, त्यात बापाकडून लेकाकडे काही गेले असेल तर ते एक्सखेरीज इतर गुणसूत्रांतूनच गेले असणार. आजोळाचा सिद्धान्त ज्या जोडीवर उभा केला, तीच जोडी त्याला पुरी पडत नाही.

पुढची पायरी नातवाची. मुलगी आपल्या दोन एक्सपैकी प्रत्येक मुलाला एकच देणार. आजोबांकडून आलेले ते रूप नातवाला मिळण्याचा संभव निम्मा, आणि तिच्या आईकडूनही तेच आले असेल तर प्रत्येक नातवाला ते मिळणारच. पण एवढ्याने ठरते फार थोडे. नातवाच्या उरलेल्या बावीस जोड्यांतील गुणसूत्रे निम्मी आईची आणि निम्मी बापाची, आणि या बापाचे वडील चाळिशीतच टकले झालेले! मुलगा स्वतः तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, त्याच्या भरल्या केसांवरून काहीच ठरत नव्हते. अमेरिकेतील एका पाहणीत, ज्यांच्या वडिलांचे केस गेले होते त्यांचे स्वतःचे केस जाण्याचा संभव इतरांच्या अडीच पट आढळला. तेव्हा मुलीकडचे टक्कल मोजायचे, तर आपल्याकडचेही त्याच काट्यावर मोजावयास हवे होते.

घराण्याच्या इतिहासावरून भाकीत करावयाचे झाल्यास दोन्ही बाजूंचे पुरुष घ्यावे लागतात, आणि टक्कल होते की नाही यापेक्षा कितव्या वर्षी सुरू झाले, हे विचारावे लागते. सत्तराव्या वर्षीचे विरळ केस जवळजवळ काहीच सांगत नाहीत. विशी-पंचविशीत दोन्ही कानशिलांवरून मागे हटणारी रेषा आणि माथ्याच्या शेंडीच्या जागी पडणारे विरळ वर्तुळ पुष्कळ सांगते. अशी उदाहरणे वडील, काका, मामा आणि दोन्ही आजोबा यांत जितकी अधिक, तितका संभव अधिक. तरीही खात्री नाहीच. एडिनबरोच्या त्याच अभ्यासात, जनुकांवरून काढलेले धोक्याचे गुण मध्यापेक्षा कमी असलेल्या पुरुषांतही १४ टक्क्यांचे केस मोठ्या प्रमाणात गेलेले होते, आणि सर्वाधिक गुण असलेल्या दहा टक्क्यांत मध्यम ते तीव्र टक्कल ५८ टक्क्यांनाच होते. शिवाय हे पुरुष युरोपीय वंशाचे. तेथील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. मोठ्या तापानंतर मूठमूठ केस गळणे किंवा चाई लागून गोल चट्टा पडणे ही निराळी दुखणी आहेत, त्यांचा या हिशेबाशी संबंध नाही.

आपल्यासारख्या घरांत अडचण येते ती पुराव्याची. आमच्या कुलवृत्तांतात पुरुषांची नावे दहा पिढ्यांपर्यंत आहेत, परंतु लग्न होऊन आलेल्या स्त्रियांच्या माहेरचा उल्लेख बहुतेक ठिकाणी आडनावापुरताच आहे. म्हणजे निम्मा वारसा कागदावर आलेलाच नाही. दिवाणखान्यातील पूर्वजांची चित्रे पाहावीत, तर पणजोबा पागोट्यात, आजोबा काळ्या टोपीत. त्यामागच्या पिढीत तर क्षौर करून शेंडी राखण्याची चाल, तेथे टक्कल कोणते आणि वस्तऱ्याचे काम कोणते, हे चित्रकारालाही सांगता आले नसते. 'आमच्याकडे कोणाला टक्कल नव्हते' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा 'आमच्याकडे कोणी टोपी काढली नाही' एवढाच असतो.

ते लग्न झाले. आक्कांनीच पुढाकार घेतला, मात्र माझ्या युक्तिवादामुळे नव्हे, मुलीचा स्वभाव त्यांना आवडला म्हणून. मी आमच्या वंशावळीच्या वहीत आता दोन रकाने वाढविले आहेत. एकात सुनेच्या वडिलांचे व आजोळचे नाव लिहितो, दुसऱ्यात प्रत्येकाचा तिशीतला, डोक्यावर काही नसलेला फोटो असेल तर चिकटवितो. आतापर्यंत असे अकरा फोटो मिळाले आहेत. आतेभावांचा अजून मिळालेला नाही, ते टोपी घातलेलाच देतात.